व्हॉट्सअ‍ॅपचा अकाउंट रिपोर्ट: त्यात काय येतं, काय येत नाही आणि चॅट कुठे शोधायचे

प्रश्न: फोन बदलला तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपवरचे जुने चॅट गेले. एका मैत्रिणीला उसने पैसे दिले होते, त्याचं सगळं बोलणं त्यात होतं. सेटिंगमध्ये Request account info दिसलं म्हणून रिपोर्ट मागवला, तर तीन दिवस थांबा असं दाखवतंय. यात माझे जुने मेसेज मिळतील का? नसतील तर त्यात असतं काय? आणि माझं अकाउंट दुसरं कुणी वापरत असेल तर ते यातून कळेल का?

उत्तर:

मेसेज मिळणार नाहीत. एकही मिळणार नाही, पुसलेलाही नाही आणि न पुसलेलाही नाही. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर "थोडंसं कळेल, पण त्यासाठी याहून चांगली जागा आहे" असं आहे. रिपोर्टबद्दल सविस्तर सांगतोच, पण आधी एक काम करा, कारण रिपोर्टची वाट पाहताना नेमकं तेच हातातून निसटतं. फोनमधला डेटा परत मिळवून देणं हे माझं रोजचं काम आहे, आणि चॅट गेल्यावर लोक शांतपणे रिपोर्टची वाट पाहत बसतात, तेवढ्या दिवसांत खरा मार्ग बंद होतो, हे मी फार वेळा पाहिलं आहे.

तुमच्या नव्या फोनवर व्हॉट्सअ‍ॅप चालू आहे. त्यात ऑटोमॅटिक बॅकअप सुरू असेल तर तो ठरल्या वेळी, नव्या फोनवर जेवढे चॅट आहेत तेवढ्याचाच बॅकअप घेईल आणि त्याच गूगल खात्यावर किंवा आयक्लाउडवर असलेल्या जुन्या बॅकअपच्या जागी तो ठेवेल. जुना बॅकअप बाजूला जपून ठेवला जात नाही, त्याच्यावरच नवा लिहिला जातो. म्हणून आत्ता Settings मध्ये Chats आणि मग Chat backup उघडा आणि ऑटोमॅटिक बॅकअप बंद करा. त्याच पडद्यावर शेवटच्या बॅकअपची तारीख आणि आकार दिसतो, तो कुठेतरी लिहून ठेवा. तारीख नवा फोन घेण्याच्या आधीची असेल तर तुमचे चॅट बहुधा अजून शाबूत आहेत. तारीख नंतरची असेल आणि आकारही अगदी लहान दिसत असेल, तर जुन्या बॅकअपवर नवा लिहिला गेला असं धरून चाला. पुढे काय करायचं ते शेवटी सांगतो.

आता रिपोर्टकडे वळू.

तुम्ही मागवलाय तो रिपोर्ट म्हणजे तुमच्या अकाउंटबद्दल कंपनीच्या सर्व्हरवर असलेली माहिती. तुमच्या फोनमध्ये काय आहे याच्याशी त्याचा संबंध नाही. त्यात काय येतं आणि काय येत नाही, याचा सगळा उलगडा या एका फरकातून होतो. व्हॉट्सअ‍ॅपचे मेसेज एन्ड-टू-एन्ड एन्क्रिप्शनने जातात. 2016 च्या एप्रिलपासून ते सगळ्या चॅटना लागू आहे. मेसेज तुमच्या फोनवरच कुलूपबंद होतो आणि समोरच्याच्या फोनवरच उघडतो, मधल्या सर्व्हरकडे किल्ली नसते. शिवाय मेसेज पोचला की सर्व्हरवरून काढून टाकला जातो. समोरच्याचा फोन बंद असेल तर तो कुलूपबंद अवस्थेतच जास्तीत जास्त 30 दिवस थांबतो आणि नंतर तिथूनही जातो. म्हणजे तुमचं ते उसन्या पैशांचं बोलणं सर्व्हरवर वाचता येईल अशा रूपात कधी नव्हतंच. पोस्टमन पाकिटं घरोघर देऊन गेला, आतली पत्रं त्याच्याकडे राहिलेली नाहीत. तुमचा पत्ता आणि तुम्ही कोणकोणत्या पत्त्यांची यादी दिली होती तेवढं त्याच्या वहीत आहे, आणि रिपोर्ट म्हणजे त्या वहीतलं तुमच्या नावाचं पान.

ही सोय 2018 साली आली. त्याच वर्षी 25 मे पासून युरोपीय संघाचा माहिती-संरक्षण कायदा लागू झाला. त्यातलं 15 वं कलम, एखाद्या संस्थेकडे आपली कोणती माहिती आहे ते पाहण्याचा हक्क माणसाला देतं. हे सांगायचं कारण असं की या रिपोर्टचा हेतूच मुळात "तुमच्याबद्दल आमच्याकडे काय आहे" हे दाखवण्याचा आहे. हरवलेलं परत मिळवून देणं हा हेतू नाही. लोक गोंधळतात, कारण दुसऱ्या काही सेवांमधून अशीच मागणी केली की मेसेज मिळतात. टेलिग्रामच्या संगणकावरच्या अ‍ॅपमधून डेटा एक्स्पोर्ट केला तर साधे चॅट येतात, कारण ते टेलिग्रामच्या सर्व्हरवर साठवलेले असतात. तिथेही सीक्रेट चॅट येत नाहीत, कारण ते फोनवरच असतात. नियम तोच आहे. जे सर्व्हरवर आहे तेच मिळतं.

मागणी करण्याची पद्धत तुम्हाला माहीत आहे, पण पुढच्या टप्प्यांत काही गोष्टी अडवतात, म्हणून तेवढ्या सांगतो. Settings, मग Account, मग Request account info आणि तिथे Request report. मागणी गेली की रिपोर्ट कोणत्या तारखेपर्यंत तयार होईल ते त्याच पडद्यावर दिसतं, साधारण तीन दिवसांनंतरची तारीख असते. मागणी एकदा गेली की रद्द करता येत नाही आणि घाई करायला कुठलं बटणही नाही. मात्र या काळात तुम्ही नंबर बदलला किंवा अकाउंट डिलीट केलं तर मागणी आपोआप रद्द होते आणि पुन्हा पहिल्यापासून करावी लागते. नव्या आवृत्त्यांमध्ये याच ठिकाणी चॅनेलच्या वापराचा वेगळा रिपोर्टही दिसतो. तो वेगळा मागवावा लागतो आणि तुमच्या कामाचा नाही.

रिपोर्ट तयार झाला की व्हॉट्सअ‍ॅपमध्येच सूचना येते. ईमेलने किंवा एसएमएसच्या लिंकने हा रिपोर्ट येत नाही. "तुमचा व्हॉट्सअ‍ॅप रिपोर्ट तयार आहे, इथे क्लिक करा" असा मेसेज बाहेरून आला तर तो फसवणुकीचा आहे असं समजा. सूचना आल्यावर परत त्याच पडद्यावर जायचं आणि डाउनलोड करायचं. तो कोणत्या तारखेपर्यंत उपलब्ध आहे तेही तिथे लिहिलेलं असतं. ही मुदत काही आठवड्यांची असते आणि ती गेली की नवी मागणी करावी लागते.

डाउनलोड झाल्यावर पुष्कळ लोक अडकतात, कारण रिपोर्ट व्हॉट्सअ‍ॅपमध्ये उघडत नाही. तो झिप फाइलच्या रूपात असतो आणि Export report दाबून तो बाहेर, म्हणजे फोनच्या फाइल्समध्ये किंवा स्वतःच्या ईमेलवर पाठवावा लागतो. झिपमध्ये एचटीएमएल आणि जेसन अशा दोन प्रकारच्या फाइली असतात. माहिती तीच, फक्त पहिली माणसाने वाचायला आणि दुसरी प्रोग्रॅमने वाचायला. तुम्ही एचटीएमएल उघडा, ती कुठल्याही ब्राउझरमध्ये दिसते. आधी झिप पूर्ण मोकळी करून घ्या. झिपच्या आतूनच फाइल उघडली तर कधीकधी पान अर्धवट दिसतं आणि फोटो येत नाही, मग लोकांना वाटतं रिपोर्टच खराब आहे.

याच पडद्यावर Delete report असंही असतं. ते दाबलं तर फोनवर उतरवलेली रिपोर्टची प्रत जाते, अकाउंटला काही होत नाही. पण त्याच Account मेनूमध्ये, अगदी जवळच, Delete account आहे, आणि ते पूर्णपणे वेगळं प्रकरण आहे. त्याने अकाउंट जातं, फोनवरचे मेसेज जातात, ग्रुपमधून नाव जातं आणि गूगलवरचा बॅकअपसुद्धा जातो. ते परत आणता येत नाही. चॅट परत मिळवायच्या धडपडीत असलेल्या माणसाने या मेनूत बोट टेकवण्यापूर्वी ओळ नीट वाचावी, ही माझी कळकळीची विनंती आहे.

आता आत काय दिसेल ते पाहू. सुरुवातीला तुमचा फोन नंबर, प्रोफाइल फोटो, About मध्ये लिहिलेली ओळ, फोन कोणत्या कंपनीचा आणि कोणत्या प्रकारचा, व्हॉट्सअ‍ॅपची आवृत्ती आणि शेवटचं कनेक्शन कोणत्या आयपी पत्त्यावरून, म्हणजे इंटरनेटवरच्या जोडणीच्या आकडी पत्त्यावरून झालं, अशी माहिती असते. मग सेटिंग येतात, जसं की लास्ट सीन, प्रोफाइल फोटो आणि About कुणाला दिसावं म्हणून ठेवलंय. ब्लॉक केलेल्यांची यादी असते. सेवेच्या अटी स्वीकारल्याची नोंद असते. मग तुम्ही ज्या ग्रुपमध्ये आहात त्यांची नावं येतात आणि शेवटी, बहुतेकांच्या रिपोर्टमध्ये सगळ्यात लांब भाग, म्हणजे संपर्कांचे नंबर.

हा संपर्कांचा भाग जरा समजून घ्या, कारण त्यावरून बरीच घबराट होते. तिथे नंबर दिसतात, पण तुम्ही फोनमध्ये सेव्ह केलेली नावं त्यांच्यापुढे दिसतील अशी अपेक्षा ठेवू नका. तुम्ही फोनबुक वाचायची परवानगी दिलेली असते आणि कोण व्हॉट्सअ‍ॅपवर आहे हे ओळखण्यासाठी अ‍ॅप त्यातले नंबर सर्व्हरकडे पाठवतं. म्हणून या यादीत ज्यांच्याशी तुम्ही कधीच चॅट केलं नाही असे लोकही असतील, एखादा दुरुस्तीवाला, एखादं जुनं ऑफिस. नंबर यादीत आहे याचा अर्थ "याच्याशी बोलणं झालं" असा होत नाही. उलटही तितकंच खरं आहे. एखाद्या अनोळखी नंबरशी तुम्ही वर्षभर चॅट केलं असेल पण तो सेव्ह केला नसेल, तर तो संपर्कांत नसणं स्वाभाविक आहे. तुमच्या फोनबुकातली संख्या आणि रिपोर्टमधली संख्या यांचाही मेळ बसत नाही, कारण जे व्हॉट्सअ‍ॅप वापरत नाहीत त्यांचे नंबर ओळखता येणार नाहीत अशा रूपात ठेवले जातात, असं कंपनीचं सांगणं आहे.

तुमच्या मैत्रिणीचा नंबर या यादीत असेलच, समजा. त्याने काय सिद्ध होतं? एवढंच की तिचा नंबर तुमच्या फोनबुकात होता. पैसे दिले, तिने "पुढच्या महिन्यात देते" म्हटलं, यातलं काहीही त्यातून दिसत नाही. कधी आणि किती मेसेज झाले हेही दिसत नाही. म्हणून हा रिपोर्ट व्यवहाराचा पुरावा म्हणून कुणाला दाखवायला जाऊ नका, त्याने तुमची बाजू बळकट होणार नाही.

जे नसतं त्यात मेसेजखेरीज फोटो, व्हिडिओ आणि व्हॉइस नोट आल्याच. कॉलची यादी, कुणाला कधी केला आणि किती वेळ चालला, तीही नसते. टाकलेले स्टेटस नसतात. आणि लोक उत्सुकतेने शोधतात त्या काही गोष्टी तर कधीच नसतात: माझा प्रोफाइल कुणी पाहिला, मला कुणी ब्लॉक केलंय, माझा नंबर कुणाच्या फोनमध्ये सेव्ह आहे. ती माहिती दुसऱ्या माणसांची आहे, तुमच्या अकाउंटची नाही, म्हणून तुमच्या रिपोर्टमध्ये तिला जागा नाही.

शिवाय हा रिपोर्ट एका क्षणाचा असतो. तो बनला त्या वेळची सेटिंग, त्या वेळचे ग्रुप, त्या वेळचा शेवटचा आयपी पत्ता. मागच्या वर्षी तुम्ही कोणत्या ग्रुपमध्ये होता किंवा मागच्या महिन्यात कुठून कुठून लॉगिन झालं, असा इतिहास त्यातून काढता येत नाही. आजच्या फोटोतून काल खोलीत कोण होतं ते कळत नाही, तेवढीच त्याची मर्यादा आहे.

यावरून तुमचा तिसरा प्रश्न येतो, दुसरं कुणी अकाउंट वापरतंय का. एक प्रकरण सांगतो, त्यातून कुठे पाहायचं आणि कशावर विश्वास ठेवायचा नाही हे स्पष्ट होईल. एका बाईंना वाटत होतं की आपले मेसेज घरातलं कुणीतरी वाचतंय. त्यांनी हाच रिपोर्ट मागवला. त्यातला आयपी पत्ता त्यांनी एका वेबसाइटवर टाकला, तर तिथे शेकडो किलोमीटर दूरचं एक शहर दाखवलं, जिथे त्या कधी गेल्याही नव्हत्या. त्यांची खात्रीच पटली की कुणीतरी तिकडून अकाउंट चालवतंय.

मी त्यांना आधी वाय-फाय बंद करून मोबाइल डेटावर स्वतःचा आयपी पत्ता पाहायला सांगितला. ती वेबसाइट पुन्हा तेच शहर दाखवू लागली. कारण साधं आहे. मोबाइल कंपन्या हजारो ग्राहकांची रहदारी मोजक्या सार्वजनिक पत्त्यांमधून बाहेर सोडतात आणि हे पत्ते ज्या ठिकाणी नोंदलेले असतात ते शहर दिसतं, तुमचं नाही. फोनमध्ये व्हीपीएन चालू असेल तर दुसरा देशही दिसू शकतो. म्हणजे रिपोर्टमधल्या आयपी पत्त्यावरून गावाचा अंदाजसुद्धा खात्रीने लावता येत नाही, माणूस ओळखणं तर दूरच. वेळेचंही तसंच. वेळेपुढे UTC लिहिलेलं असेल तर ती तुमच्या घड्याळाची वेळ नाही, तुमच्या ठिकाणचा फरक मिळवून मगच "त्या वेळी तर मी झोपले होते" असा निष्कर्ष काढावा. फोनचं मॉडेल पाहण्यासारखं असतं. तिथे तुमचा नसलेला फोन दिसला तर ते गंभीर आहे. पण व्हॉट्सअ‍ॅप दुसऱ्याच्या फोनवर मुख्य फोन म्हणून नोंदवलं गेलं तर तुमच्या फोनवरून ते लगेच बाहेर पडतं, तेव्हा रिपोर्ट यायच्या कितीतरी आधी तुम्हाला ते कळलेलं असतं.

मग आम्ही खरी जागा उघडली, Linked devices. आयफोनवर ती Settings मध्ये असते, अँड्रॉइडवर वरच्या तीन ठिपक्यांच्या मेनूत. तिथे एक ब्राउझर जोडलेला होता आणि त्याच्यापुढे शेवटच्या वापराची वेळ त्याच दिवशीची होती. घरातल्या संगणकावर त्यांचं अकाउंट उघडं होतं. कुणीतरी त्यांचा फोन हातात असताना एकदा क्यूआर कोड स्कॅन केला होता. बाईंची शंका खरी होती, पण ज्या आयपी पत्त्यावरून त्यांनी ती पक्की केली तो त्यांचा स्वतःचाच होता. त्या ओळीवर बोट ठेवून Log out केलं, फोनचं लॉक बदललं आणि Account मधलं Two-step verification चालू करून सहा आकडी पिन ठेवला. या पिनमुळे, एसएमएसचा कोड कुणाच्या हाती लागला तरी तेवढ्यावर अकाउंट दुसऱ्या फोनवर नोंदवता येत नाही. जोडलेल्या संगणकावर मात्र पिनचा काही परिणाम होत नाही, त्यासाठी ती यादीच अधूनमधून पाहावी लागते. तुम्हीही रिपोर्टची वाट न पाहता आजच ती उघडून पाहा. त्याला एक मिनिट लागतं आणि जे दिसतं ते आत्ताचं असतं.

आता तुमचे चॅट. जुना फोन अजून तुमच्याकडे असेल तर सगळ्यात मोठी आशा तिथे आहे. त्याच्यावरचं व्हॉट्सअ‍ॅप काढून टाकू नका, फोन फॅक्टरी रीसेट करू नका, कुणाला देऊ नका. तो अँड्रॉइड असेल तर त्यात रोजचा स्थानिक बॅकअप असतो, साधारण शेवटच्या सात दिवसांचा. तो या फोल्डरमध्ये सापडतो:

```
Android/media/com.whatsapp/WhatsApp/Databases
```

जुन्या फोनवर तो थेट `WhatsApp/Databases` मध्येही असू शकतो. आधी हा अख्खा फोल्डर केबलने संगणकावर उतरवून घ्या, बाकी सगळं नंतर. त्यात `msgstore.db.crypt14` किंवा `msgstore.db.crypt15` अशी एक ताजी फाइल आणि नावात तारीख असलेल्या काही जुन्या फाइली दिसतील. फाइल संगणकावर उघडून वाचता येणार नाही, कारण ती एन्क्रिप्ट केलेली असते. ती उघडते फक्त व्हॉट्सअ‍ॅप, तेही त्याच नंबरवर पडताळणी झाल्यावर.

नव्या अँड्रॉइडवर ती वापरायची तर क्रम महत्त्वाचा आहे. नव्या फोनवर या दिवसांत आलेलं काही महत्त्वाचं असेल तर ते आधी एक्स्पोर्ट करून ठेवा, कारण जुना बॅकअप परत आणला की त्याच्यानंतरचे मेसेज त्यात नसतील. मग व्हॉट्सअ‍ॅप अनइन्स्टॉल करा, पुन्हा इन्स्टॉल करा, पण लगेच उघडू नका. आधी जुन्या फोनमधली फाइल नव्या फोनवरच्या त्याच फोल्डरमध्ये ठेवा. तारीख असलेली फाइल वापरायची असेल तर नावातली तारीख काढा, मात्र शेवटचा crypt आणि त्यापुढचा आकडा आहे तसाच राहू द्या. म्हणजे `msgstore-YYYY-MM-DD.1.db.crypt14` ची `msgstore.db.crypt14` होईल. तो आकडा बदलला तर बॅकअप ओळखलाच जात नाही. मग अ‍ॅप उघडा, फोल्डर वाचायची परवानगी द्या, तोच नंबर टाका, आणि बॅकअप सापडल्याचं दिसलं की Restore दाबा. हा प्रश्न फक्त नोंदणीच्या वेळी एकदाच विचारला जातो. तिथे घाईने पुढे गेलात तर पुन्हा अनइन्स्टॉलपासून सुरुवात करावी लागते. तुमचे चॅट गेले त्याचं कारणही बहुधा हेच असावं, की पहिल्यांदा हा प्रश्न आला तेव्हा तो टळला किंवा फोनवर वेगळं गूगल खातं होतं.

गूगलवरचा बॅकअप शाबूत आहे असं सुरुवातीला दिसलं असेल तर फाइली हलवायची गरज नाही. नव्या फोनवर तेच गूगल खातं आणि तोच नंबर असू द्या, अनइन्स्टॉल करून पुन्हा इन्स्टॉल करा आणि Restore घ्या. आयफोनवर आयक्लाउडचंही असंच. मात्र अँड्रॉइडवरून आयफोनवर गेला असाल तर गूगलवरचा बॅकअप आयफोनवर उतरत नाही. अशा वेळी कुठलाही अँड्रॉइड फोन तात्पुरता घेऊन त्यावर तो उतरवणं आणि तिथून हवा तो चॅट एक्स्पोर्ट करणं हा मार्ग आहे. एन्ड-टू-एन्ड एन्क्रिप्टेड बॅकअप चालू केलेला असेल तर त्याचा पासवर्ड किंवा 64 आकडी किल्ली लागते. ती हरवली असेल तर तो बॅकअप कंपनीही उघडू शकत नाही. "पैसे द्या, आम्ही उघडून देतो" म्हणणाऱ्यांकडे जाऊ नका, आणि "तुमचा अकाउंट रिपोर्ट अपलोड करा, आम्ही मेसेज काढून देतो" म्हणणाऱ्या साइटवर तर मुळीच नाही. रिपोर्टमध्ये मेसेज नसतातच, पण तुमचा नंबर आणि तुमच्या सगळ्या ओळखीच्यांचे नंबर त्यांच्या हाती पडतात.

बॅकअपचे सगळे मार्ग बंद झाले तरी त्या बोलण्याची आणखी एक प्रत आहे, मैत्रिणीच्या फोनवर. तुमचे संबंध अजून बरे असतील तर तिलाच तो चॅट उघडून Export chat करायला सांगा. मीडियाशिवाय केलं तर ताजे 40,000 पर्यंत मेसेज साध्या मजकुराच्या फाइलमध्ये येतात, मीडियासह 10,000 पर्यंत. त्या चॅटवर Advanced chat privacy चालू असेल तर एक्स्पोर्ट होत नाही, ते आधी बंद करावं लागतं. ते शक्य नसेल तर पैशाचा माग दुसरीकडे असतो: बँकेचं स्टेटमेंट, पेमेंट अ‍ॅपमधली नोंद, त्या व्यवहाराच्या वेळी आलेला एसएमएस. आणि आता नव्याने तिला एक साधा मेसेज लिहा, अमुक तारखेला अमुक रक्कम दिली होती, ती कधी परत करतेस. तिने उत्तरात नुसती तारीख कळवली तरी ती नोंद तुमच्या हाती राहते. उत्तर आल्या दिवशीच तो चॅट एक्स्पोर्ट करून फोनबाहेर ठेवा.

रिपोर्ट तीन दिवसांनी आला की एकदा वाचून घ्या, ब्लॉक यादी आणि प्रायव्हसी सेटिंग तपासायला तो चांगला आहे. वाचून झाला की फोनमधली झिप, ईमेलवर पाठवलेली प्रत आणि संगणकावर मोकळा केलेला फोल्डर, तिन्ही पुसून टाका. Delete report ने फक्त व्हॉट्सअ‍ॅपमधली प्रत जाते, बाहेर पाठवलेल्या प्रती तशाच राहतात.